फजितीचं हसू आंबतं कुठे?

प्रश्न: आम्ही सहा जण, शाळेपासूनचे मित्र, सगळे विक्रोळीचे. फेब्रुवारीत आमच्यातला एक दादरला घाईत फास्ट गाडीत चढला. विक्रोळी डोळ्यांदेखत मागे गेली आणि साहेब ठाण्याला उतरले. आम्ही पोट धरधरून हसलो, तोही हसला. तेव्हापासून त्याचं नाव ‘ठाणेकर’. आमच्यात फक्त त्यालाच अजून पक्की नोकरी नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मुलाखतीचा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, “ठाणेकर, या वेळी तरी बरोबर ठिकाणी उतर.” सगळे हसले, तो उठून गेला. तेव्हापासून ग्रुपवर गप्प आहे. मित्राची फजिती झाली की हसू का येतं? आणि आमचं चुकलं नेमकं कुठे?

उत्तर:

फेब्रुवारीतल्या त्या पहिल्या हसण्याबद्दल मनाला काही लावून घेऊ नका. ते हसू निर्मळ होतं. दादरला माझं समुपदेशनाचं काम सुरू होऊन चोवीस वर्षं झाली. त्यात मित्रामित्रांची फाटाफूट मी भरपूर पाहिली, आणि ती बहुतेक वेळा पहिल्या हसण्यावरून झालेली नसते. म्हणून आधी ते पहिलं हसू आलं कुठून ते बघू. ते कळलं की पुढचं कुठे बिघडलं हे तुम्हालाच दिसेल.

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला असेल, “अरे, मी ठाण्याला आहे.” हे वाक्य कानावर पडल्यावर अर्धा क्षण तुमच्या मनात काय झालं असेल? मुंबईत उशीर झालेल्या माणसाचा फोन भलत्याच स्टेशनावरून आला की पोटात गोळा येतोच. गाडीतून पडला का, पाकीट मारलं का, हार्बर-सेंट्रल बंद पडली का. शरीर धावायच्या तयारीला लागतं. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, “फास्टमध्ये चढलो रे.” म्हणजे माणूस धडधाकट आहे, फक्त परतीच्या स्लो गाडीची वाट बघतोय. धावायला गोळा झालेली ती सगळी ताकद आता कशाच्याच कामाची उरत नाही आणि हसण्यातून बाहेर पडते. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1998 मध्ये हसण्याचा जो उलगडा मांडला तो साधारण असाच आहे. त्यांच्या मते हसणं म्हणजे धोक्याची घंटा खोटी ठरल्याची दवंडी. केळीच्या सालीवरून कुणी घसरला आणि कपडे झटकत उठला तर आपण हसतो. त्याचं डोकं फुटलं तर हसत नाही, मदतीला धावतो. हसण्याचा आवाज एवढा मोठा आणि असा लयबद्ध का, याचंही उत्तर त्यात आहे: आजूबाजूच्यांना कळावं की धावू नका, काही झालेलं नाही.

पण मग अनोळखी माणूस ठाण्याला उतरला तर हसू का येत नाही? कारण त्याचं काय चुकलं हेच आपल्याला ठाऊक नसतं. कदाचित त्याला ठाण्यालाच जायचं असेल. पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन या दोघांनी 2010 मध्ये एक साधी गोष्ट प्रयोगांतून दाखवली. हसू येण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी मनात असाव्या लागतात, काहीतरी जसं असायला हवं तसं नाही, आणि तरीही त्यात कुणाचं वाईट झालेलं नाही. मित्राच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आपल्या खिशातच असतात. हा पठ्ठ्या जन्मापासून विक्रोळीचा, घाटकोपरनंतर कुठली गाडी कुठे थांबते हे त्याला झोपेतही सांगता येईल, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून ती चूक ठसठशीत दिसते. आणि तो सुखरूप आहे, घरी कुणी रागावणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून ती चूक हलकी वाटते.

हेन्री बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1900 मध्ये हसण्यावर पुस्तक लिहिलं, त्यातला एक मुद्दा तुमच्या मित्राला तंतोतंत लागू पडतो. जिवंत माणूस यंत्रासारखा वागताना दिसला की आपण हसतो, असं तो म्हणतो. रोजच्या सवयीने पाय आपोआप डब्यात चढले आणि इंडिकेटरवर ‘F’ आहे की ‘S’ हे बघायचंच राहिलं. लोकलने जाणाऱ्या प्रत्येकात असं एक यंत्र असतं. त्या दिवशी ते तुमच्या मित्रात उघडं पडलं, उद्या तुमच्यात पडेल. हे ‘उद्या तुमच्यात’ लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पोट धरून हसायला आणखी एक गोष्ट लागली, ती म्हणजे तुम्ही सहा जण. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकाने रस्त्यावर, दुकानांत, कॉलेजांच्या आवारात लोक केव्हा हसतात हे कान देऊन ऐकलं आणि सुमारे 1,200 प्रसंग टिपले. बहुतेक हसण्याआधी विनोद असा काही नव्हताच. “चल, भेटू” किंवा “तू पण ना” असलं काहीतरी साधं वाक्य होतं. त्याच्या हिशेबाने माणूस एकटा असताना जितका हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. हसण्यातून आपण एकमेकांना सांगत असतो की आपण एकत्र आहोत. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जगातल्या 24 समाजांतल्या लोकांना दोन माणसांचं एकत्र हसणं जेमतेम सेकंदभर ऐकवलं होतं. भाषा कळत नसतानाही, हे दोघे मित्र आहेत की परके, हे त्यांना नुसत्या अंदाजापेक्षा बऱ्यापैकी अधिक वेळा ओळखता आलं. आपला कान यासाठी इतका तयार असतो. याची दुसरी बाजूही आहे. सगळे एकत्र हसताहेत आणि आपण त्यात नाही, हेही माणसाला तितक्याच झटकन कळतं.

त्या दिवशी तो तुमच्यात होता. “तोही हसला” असं तुम्ही लिहिलंय, ते महत्त्वाचं आहे. फजिती झालेला माणूस काय करतो ते आठवा. कान लाल होतात, तोंडावर हात जातो, मान खाली घालून तो म्हणतो, “काय माती खाल्ली रे मी.” 1982 मध्ये सेमिन आणि मॅनस्टेड यांनी सुपरमार्केटमधला एक प्रसंग लोकांना दाखवला. एका माणसाचा धक्का लागून टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्यांचा रचलेला ढीग कोसळतो. जो माणूस ओशाळलेला दिसला तो बघणाऱ्यांना अधिक आवडला, निर्विकार राहिला तो कमी आवडला. ओशाळणं हा जणू चुकीचा भरणा असतो. त्याने भरला, तुम्ही हसून पावती दिली, हिशेब मिटला. आपण मुंबईकर ज्याला ‘पोपट झाला’ म्हणतो त्याची पूर्ण रीत एवढीच. पोपट होतो, तो मान्य करतो, सगळे हसतात, चहा येतो, विषय बदलतो.

तुमच्याकडे विषय बदलला नाही. इथे मी माझीच एक गोष्ट सांगतो, कारण ‘ठाणेकर’ म्हणणाऱ्याच्या जागी मी स्वतः उभा राहिलेला आहे.

आमची चाळ गिरगावातली. ऐंशीच्या दशकात गणपतीत चाळीच्या अंगणात नाटक व्हायचं, नट सगळे चाळीतलेच. एका वर्षी ऐतिहासिक नाटकात माझा जवळचा मित्र सरदार झाला होता. भादव्यातला दमट उकाडा, डोक्यावर दिवे, अंगात जाड अंगरखा, आणि मिशी गमने चिकटवलेली. दुसऱ्या अंकात ऐन आवेशात त्याने “गर्दन उडवीन” म्हटलं आणि घामाने सुटलेली अर्धी मिशी ओठावर लोंबायला लागली. सगळं अंगण हसलं. त्यालाही हसू आवरेना. त्याने मिशी हाताने दाबून धरली आणि पुढचं वाक्य बोलायला गेला, तर शब्द अडकला. तो बोलताना अडखळायचा. चाळीत सगळ्यांना ते माहीत होतं, कुणी त्याचं कधी काही केलं नव्हतं. नाटकात मात्र तो अजिबात अडखळायचा नाही. पुढे या पेशात आल्यावर मला कळलं की यात नवल नव्हतं. अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना, सर्वांबरोबर एकसुरात म्हणताना किंवा भूमिकेत शिरून बोलताना सहज बोलतात. मिशी सुटली तशी त्याची भूमिका सुटली, सरदाराच्या जागी तो स्वतः उरला, आणि त्याचं अडखळणं परत आलं. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य देत होता, तो “ग… ग… ग…” करत राहिला. अंगणाला वाटलं हाही मिशीच्याच गमतीचा भाग, आणि लोक आणखी हसले.

त्या रात्री जिन्यात बसून आम्ही सगळा प्रसंग पुन्हा उभा केला. मिशीची नक्कल एकाने केली. “ग… ग… गर्दन”ची नक्कल मी केली. नकला मला बऱ्या जमायच्या आणि त्या रात्री माझ्या नकलेवर मिशीपेक्षा जास्त हशा आला. तोही हसला. मग ती नक्कल दिवाळीत झाली, कुणाच्या तरी मुंजीत झाली, पुढच्या गणपतीच्या तालमीला झाली. त्या तालमीला तो आला नाही. त्याच्या क्लासची वेळ बदललीय असं त्याच्या आईने सांगितलं आणि आम्ही ते खरं मानलं.

बऱ्याच वर्षांनी त्याचा नंबर मिळाला, तेव्हा मी फोन केला. बोलणं सुरू व्हावं म्हणून मिशीची आठवण काढली. तो म्हणाला, “मिशी? कसली मिशी?” मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. मिशी सुटल्याचं त्याला खरोखर आठवत नव्हतं. जिना मात्र आठवत होता. कोण कुठल्या पायरीवर बसलं होतं तेही त्याने सांगितलं.

मिशी कुणाचीही सुटली असती. त्या रात्री माझी सुटली असती तर लोक तितकेच हसले असते. मिशीवरचं हसू सगळ्यांच्या मालकीचं होतं, घामाचं आणि गमचं होतं. अडखळणं एकट्याचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही ते त्याच्याबरोबर असणार होतं. आमचं हसू मिशीवरून त्याच्या जिभेवर केव्हा सरकलं हे आम्हाला कळलंही नाही, कारण हशाचा आवाज तोच होता. निदान मी तरी असल्या प्रकरणात पहिल्यांदा हेच शोधतो: हसणाऱ्यांपैकी कुणाच्याही वाट्याला येऊ शकली असती त्या गोष्टीवर हसणं चाललंय, की एकट्याच्याच वाट्याला आलेल्या गोष्टीवर?

आता तुमचा ठाणेकर. त्याच्यावरचं हसू तीन पायऱ्या उतरलंय. पहिली पायरी गाडीची, ती मिशीसारखी, कुणाचीही होऊ शकते. दुसरी पायरी नावाची. गाडी चुकणं त्या संध्याकाळचं होतं, नाव रोजचं झालं. तरीही नावात तेवढ्यापुरतं वाईट काही नव्हतं. त्यावर पुढे बोलतो. तिसरी पायरी मुलाखतीच्या वाक्याची. “या वेळी तरी बरोबर ठिकाणी उतर.” या वाक्यात गाडी उरलीच नाही. हा माणूस प्रत्येक ठिकाणी चुकीचाच उतरतो, नोकरीतही, असा त्याचा अर्थ होतो. तुमच्यातल्या पाच जणांना हे कधीच लागू पडणार नाही, कारण तुम्ही पाचही जण नोकरीला लागलेले आहात. मघाचं ‘उद्या तुमच्यात’ इथे संपलं. आणि फजिती तेवढी नुकसान न करणारी असावी लागते ना? नोकरी नसणं तशातलं नाही. घरभाडं, आईचे प्रश्न, शेजारच्या काकूंची चौकशी हे सगळं त्यात येतं. त्याची घंटा अजून वाजतेय आणि ती खोटी ठरल्याची दवंडी तुम्ही पिटलीत.

“पण आम्ही सगळेच एकमेकांना चिडवतो, मग त्यालाच का लागलं?” असं तुम्ही म्हणाल, म्हणून 1966 चा एक प्रयोग सांगतो. एलियट ॲरन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेतल्या उमेदवारांची ध्वनिमुद्रणं ऐकवली. एका उमेदवाराची 92 टक्के उत्तरं बरोबर होती, दुसऱ्याची 30 टक्के. काही मुद्रणांत शेवटी उमेदवाराच्या हातून कॉफी सांडते आणि तो “अरे देवा, नवा सूट!” अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो. कॉफी सांडल्यावर हुशार उमेदवार ऐकणाऱ्यांना जास्त आवडायला लागला, हाही आपल्यासारखाच माणूस आहे म्हणून. सामान्य उमेदवार मात्र कॉफी सांडल्यावर आणखी उतरला. कॉफी तीच, सांडणंही तेच.

मित्रांच्या कट्ट्यावर हेच रोज घडतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. ग्रुपमधला बँकेत लागलेला, नवी बाइक घेतलेला मित्र उद्या ठाण्याला उतरला तर तो किस्सा त्याच्या खात्यात जमा होतो, “एवढा हुशार आणि बघा काय केलं.” ज्याच्याबद्दल आधीच जरा ‘याचं काही खरं नाही’ असं वाटतंय, त्याचा तोच किस्सा पुरावा म्हणून फाइलला लागतो. फेब्रुवारीत कदाचित तुमचा मित्र पहिल्या रांगेत होता. नंतर एकेक जण नोकरीला लागत गेला आणि तो मागे राहिला. किस्सा तोच राहिला, पण त्याचं खातं बदललं.

आणखी एक खूण आहे, ती काळाची. मॅकग्रॉ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये असं दाखवलं की मोठं संकट काळ गेल्यावर विनोदी वाटू शकतं, पण छोटी फजिती ताजी असतानाच विनोदी वाटते. एखाद्याला गाडीने उडवलं ही गोष्ट कालची असेल तर हसू येत नाही, पाच वर्षांपूर्वीची असेल तर थोडं येऊ शकतं. ठेच लागण्याचं नेमकं उलटं. कालची ठेच हसवते, पाच वर्षांपूर्वीची ठेच कोण ऐकून घेईल? फास्ट गाडीत चढणं ही ठेच आहे. तिची गंमत पंधरा दिवसांत संपायला हवी होती. इतके महिने उलटूनही त्यावर पहिल्याइतकाच हशा येत असेल तर तो गाडीवर येत नाही, हे नक्की समजा. त्या हशाला सरपण दुसरीकडून मिळतंय. कधी सवयीचं, कधी आपण त्याच्या जागी नाही या सुटकेचं, कधी ‘या ग्रुपमध्ये कोण कुठे’ हे न बोलता ठरवण्याचं. सुटकेचं असावं असा माझा अंदाज आहे. तुम्ही पाचही जण नुकतेच लागलेले आहात आणि ती भीती अजून अंगातून पूर्ण गेलेली नाही.

मग हे तुमच्या आधी लक्षात का आलं नाही? यात तुमचा दोष थोडा आहे, माणसाच्या जडणघडणीचा जास्त आहे. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये चिडवण्यावर काम केलं. चिडवणाऱ्याला स्वतःच्या मनातला हेतू दिसत असतो, म्हणून तो समोरच्यालाही दिसतोय असं त्याला वाटतं. समोरच्याच्या वाट्याला फक्त शब्द येतात. म्हणून एकाच चेष्टेचं वर्णन करताना चिडवणारा ती हलकीफुलकी सांगतो आणि ज्याला चिडवलं तो ती बोचरी सांगतो. दोघंही खोटं बोलत नसतात. माझ्याकडे मित्रांची अशी जोडी येते तेव्हा मी दोघांकडून तो प्रसंग वेगवेगळा ऐकतो. पुष्कळदा शब्द हुबेहूब जुळतात, फक्त आवाजाचं वर्णन जुळत नाही. एक म्हणतो “हसत म्हणालो”, दुसरा म्हणतो “सगळ्यांसमोर म्हणाला”.

शिवाय “तोही हसत होता” हा पुरावा जिन्यातल्या रात्री मीही धरून बसलो होतो. तो कच्चा असतो. मनापासूनचं हसू आवरत नाही, मध्येच बोलता येत नाही, श्वास तुटतो, डोळ्यांच्या कडा आक्रसतात आणि हशा थांबल्यावरही चेहऱ्यावर थोडं रेंगाळतं. ओढून आणलेलं हसू इतरांच्या मागून सुरू होतं, तोंडापुरतं असतं आणि दिवा बंद केल्यासारखं विझतं. पण ऐन गडबडीत हे कोण बघतो? मी लोकांना त्याऐवजी एक सोपी खूण सांगतो. तो किस्सा तो स्वतः कधी सांगतो का? नवीन कुणी भेटलं की “मी एकदा ठाण्याला गेलो होतो, ऐका” असं तोच सुरू करतो का? ज्याला आपला किस्सा प्रिय आहे तो दुसऱ्याला सांगू देत नाही, “थांब, तू नीट सांगत नाहीस” म्हणतो. तुमच्या मित्राने हा किस्सा शेवटचा स्वतःहून कधी सांगितला ते आठवा. आठवत नसेल तर तेच उत्तर आहे.

नावाबद्दलचं राहिलं. टोपणनावाच्या मी विरोधात नाही. गिरगावात आमच्या मजल्यावर ज्याला खऱ्या नावाने हाक मारतात असा माणूसच नव्हता. एकाला त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतही कंसात टोपणनाव छापावं लागलं, नाहीतर निम्मी चाळ लग्नाला पोचली नसती. जे नाव माणूस स्वतः वापरतो, फोनवर “अरे, मी ठाणेकर बोलतोय” म्हणतो, ते नाव त्याचं झालं. जे नाव फक्त इतरांच्या तोंडी असतं आणि त्याच्या तोंडून कधीच येत नाही, ते त्याचं नसतं. ऑफिसात वरिष्ठाने हाताखालच्याला ठेवलेलं नाव तर मी सरळ वाईटच धरतो, कारण हाताखालचा उलट नाव ठेवू शकत नाही. मित्रांत ही सोय असावी लागते. तुमच्या ग्रुपमध्ये बाकी पाच जणांच्या फजितीची नावं आहेत का? नसतील तर एकट्यालाच का मिळालं, यावर जरा विचार करा.

एक अपवादही सांगायला हवा, नाहीतर हे उत्तर वाचून कुणी उगाच स्वतःला गुन्हेगार ठरवील. काही माणसांना कुठलंही हसू आपल्यावरच आहे असं ऐकू येतं. बसमध्ये मागच्या सीटवर दोन मुली हसल्या तरी ती माणसं शर्टाची बटणं तपासतात. याला गेलोटोफोबिया म्हणतात, म्हणजे हसं होण्याची भीती, आणि ती मोजायला मानसशास्त्रज्ञ विलिबाल्ड रूख आणि रेने प्रोयर यांची 15 विधानांची प्रश्नावली आहे. अशा माणसाशी मित्रांनी कितीही सांभाळून वागलं तरी त्याला टोचतंच, आणि त्याला तज्ज्ञाची मदत लागते. तुमचा मित्र त्यातला वाटत नाही. तो फेब्रुवारीत हसला, मधले महिने तुमच्यात बसला आणि नेमका मुलाखतीच्या वाक्यावर उठला. त्याच्या कानात काही बिघाड नाही. त्याने फरक बरोबर ऐकला.

आता काय करायचं. पाच जणांनी मिळून त्याच्या घरी जाऊन माफी मागायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली असेल तर ती सोडून द्या. पुन्हा सगळे एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला, हीच मांडणी होईल. वर त्याला “अरे, काही नाही रे, मला वाईट नाही वाटलं” असं खोटं बोलावं लागेल, आणि एकदा ते बोलला की पुढे खरं सांगण्याची वाट बंद. ग्रुपवरही माफी टाकू नका. लिहिलेल्या शब्दांत आवाज नसतो, आणि दोन मिनिटांत कुणीतरी खाली हसरा चेहरा टाकेलच.

ज्याने ते वाक्य टाकलं त्याने एकट्याने फोन करावा. फोन तीन मिनिटांपेक्षा मोठा नको. वाक्य नेमकं घ्यायचं, “मुलाखतीवरून मी जे बोललो ते चुकीचं बोललो.” त्यात ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ नको. त्या ‘तर’ने चूक पुन्हा त्याच्या हळवेपणावर जाते. ‘मस्करी होती’ हेही नको, ते त्याला माहीतच आहे. त्यावर तो गप्प राहिला तर गप्प राहू द्या. शिव्या घातल्या तर उत्तम, शिव्या घालतोय म्हणजे अजून मित्र आहे.

बाकीच्यांनी नाव बंद करायचं, जाहीर न करता. ‘आजपासून ठाणेकर म्हणायचं नाही’ असा ठराव झाला की ते नाव कायमचं झालं. तुम्ही त्याला त्याच्या नावाने हाक मारा. पुढच्या वेळी कुणी सवयीने ‘ठाणेकर’ म्हणालं तर रागावू नका, भाषण देऊ नका, फक्त हसू नका. एक जण हसला नाही की हशा अर्धा होतो, दोघे हसले नाहीत की बोलणारा आपणहून दुसऱ्या विषयाकडे वळतो. जिन्यात त्या रात्री आम्ही सात-आठ जण होतो. माझ्या नकलेवर दोघे हसले नसते तर ती दिवाळीपर्यंत पोचली नसती. मी काही इतका हाडाचा नट नव्हतो.

आणि मुलाखतीची तारीख कुणाला माहीत असेल तर त्या दिवशी सकाळी त्याला फोन करून कुठे आहेस, गाडी मिळाली का, असलं काही विचारू नका. तुमच्या मनात काळजी असेल, त्याला गाडीच ऐकू येईल. संध्याकाळी नेहमीच्या टपरीवर बसा आणि सहावा चहा सांगून ठेवा. पहिले दोन-तीन रविवार तो चहा गार होईल.